वटाव कापून उरलेला हिशेब

सांगलीत आमची अठरा माणसांची कंपनी आहे. हळद, गूळ, बेदाणा यांच्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. पट्टी, हमाली, तोलाई, बारदान, उधारी, सगळं त्यात येतं. दुसऱ्यांचे हिशेब सरळ करून देण्यावर आमचं पोट भरतं, आणि स्वतःचा एक साधा हिशेब मांडताना मात्र मी दोन महिने घातले. २०२४ च्या उन्हाळ्यात जुना सर्व्हर धापा टाकू लागला होता. नवीन दोन सर्व्हर विकत घ्यायचे, की सगळं क्लाउडवर महिन्याच्या भाड्याने न्यायचं, एवढाच प्रश्न होता. त्या दोन महिन्यांत आणि नंतर जे कळलं, ते कळलं त्या क्रमाने लिहितो.

१. मी हिशेब करायला बसलो तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं होतं. आमच्या वडिलांनी भाड्याच्या दोन खोल्यांत निम्मा जन्म काढला, त्यामुळे भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे आमच्या घरात बाळकडूबरोबरच पाजलेलं. सर्व्हर, बॅकअपचा डबा, स्विच, फायरवॉल, यूपीएस असं सगळं मिळून दहा लाख. क्लाउडचं अंदाजपत्रक महिना पन्नास हजार, म्हणजे पाच वर्षांचे तीस लाख. दहा कुठे आणि तीस कुठे! चहा संपायच्या आत निकाल लागला होता. भागीदाराने फक्त एवढंच विचारलं, ‘लाइट बिल कोण भरणार?’ मग एकेक ओळ खाली वाढत गेली. दोन सर्व्हर, स्विच आणि रात्रंदिवस चालणारा एसी मिळून सरासरी १.२ किलोवॉट वीज खातात. दिवसाला २९ युनिट, वर्षाला साडेदहा हजार. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट बारा रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. इंटरनेटची दुसरी लाइन आणि बाहेरगावी ठेवायचा बॅकअप धरून वरखर्च २ लाख १० हजारांवर गेला. तिसऱ्या वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्यांचे साठ हजार. वॉरंटी तीनच वर्षांची, म्हणून चौथ्या-पाचव्या वर्षी देखभाल कराराचे ऐंशी-ऐंशी हजार. शेवटी भंगारात पन्नास हजार परत येतील असं धरलं. दहाचे २२ लाख २० हजार झाले. तरी तिसापेक्षा कमीच, म्हणून मी अजून खुशीत होतो. (जीएसटी दोन्हीकडे सोडून दिला, कारण त्याची वजावट आम्हाला मिळते.)

२. वटाव म्हणजे काय हे मला पुस्तकाने सांगितलं नाही, एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याने सांगितलं. मी त्याच्या पेढीवर दुसऱ्याच कामाला गेलो होतो, बोलता बोलता हा विषय निघाला. तो म्हणाला, ‘आज रोख देणाऱ्याला आम्ही वटाव देतो, का देतो? उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो म्हणून. तुमच्या भाड्यातला पाचव्या वर्षीचा रुपया अजून तुमच्याच खिशात आहे, आणि सर्व्हरचा मात्र आज गेला.’ चक्रवाढ व्याज शाळेत मी पुढे पुढे मोजायला शिकलो होतो. इथे तेच उलटं चालवायचं होतं. वर्षाला १२ टक्के दर धरला, तर वर्षाने द्यायच्या शंभर रुपयांची आजची किंमत ८९ रुपये २९ पैसे, आणि पाच वर्षांनी द्यायच्या शंभराची ५६ रुपये ७४ पैसे. दरवर्षी एक रुपया याप्रमाणे पाच वर्षं द्यायचा असेल, तर त्या पाच रुपयांची आजची किंमत भरते अवघी ३ रुपये ६० पैसे. मी भाड्याचे तीस लाख म्हणत होतो, ते आजच्या पैशांत २१ लाख ६३ हजार होते. सर्व्हरच्या दहा लाखांतून मात्र एक पैसाही कापला जात नव्हता, कारण ते आजच द्यायचे होते. दुसऱ्यांच्या वटावाचे रकाने मी गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये लिहीत आलो आहे, हे इथे सांगितलंच पाहिजे.

३. मुहूर्ताचीही किंमत असते, आणि ती आयकराच्या विवरणात दिसते. भाडं त्या-त्या वर्षी पूर्ण खर्ची पडतं. आमच्या कंपनीला कर ढोबळ २५ टक्के, म्हणून वर्षाच्या सहा लाखांच्या भाड्यातले दीड लाख करात वाचतात. सर्व्हरचं तसं नाही, त्यावर घसारा मिळतो. तो मी पाच वर्षांत सारखा वाटला होता, दरवर्षी दोन लाख. सीए मॅडमनी शीट पाहिली आणि पेन्सिलीने काट मारली. संगणकावरचा घसारा आयकरात ४० टक्के, तोही घटत्या शिलकीवर. म्हणजे पहिल्या वर्षी चार लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या सहाचे २ लाख ४० हजार, मग १ लाख ४४ हजार, असं उतरत जाणारं. त्याने वाचणारा कर आजच्या किमतीत १ लाख ८४ हजार होतो. लवकर मिळणारी सवलत जास्त मोलाची, एवढाच त्याचा अर्थ. मग त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘आणि या वेळी दसऱ्याला आणू नका.’ आधीचा सर्व्हर आम्ही २०१८ च्या दसऱ्याला, १८ ऑक्टोबरला, झेंडूची माळ घालून सुरू केला होता. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या वस्तूला त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ऑक्टोबरची ३ तारीख उलटली की वर्षाचे १८० दिवस भरत नाहीत. दहा लाखांच्या खरेदीत या एका माळेची किंमत, आजच्या पैशांत, दहा-बारा हजार पडते. सवलत बुडत नाही, पुढे ढकलली जाते. पण पुढे ढकललं म्हणजेच कमी झालं, हे तर व्यापाऱ्याने नुकतंच शिकवलेलं.

कर आणि वटाव दोन्ही लावल्यावर शीट अशी दिसत होती: स्वतःचे सर्व्हर १४ लाख ६० हजार, क्लाउड १६ लाख २२ हजार. माझं घर अजून उभं होतं, पण आधी जो पावणेआठ लाखांचा फरक होता तो एक लाख ६२ हजारांवर आला होता.

४. ज्या खर्चाची पावती येत नाही तो खर्च मला दिसत नाही, हे माझ्याबद्दल मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. आमच्याकडे सिस्टीम बघणारा एक मुलगा आहे. सर्व्हरची डिस्क बदलणं, अपडेट टाकणं, बॅकअप खरंच उघडतो का ते तपासणं, रात्री अकराला फोन आला की गाडी काढून ऑफिसला येणं, हे सगळं त्याचंच. पगार चाळीस हजार. तो शीटमध्ये कुठेच नव्हता, कारण त्याचा पगार ‘तसाही द्यावाच लागतो’. भागीदाराने त्याला महिनाभर वहीत वेळ लिहायला लावला. निम्मा वेळ त्या खोलीतल्या यंत्रांवर जात होता. म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. क्लाउडवर गेलो तरी काम संपत नाही. अधिकार कोणाला द्यायचे, बिल, बॅकअप, अपडेट हे राहतंच. ते आम्ही पाव वेळ धरलं, म्हणजे १ लाख २० हजार. ही एक ओळ दोन्हीकडे घातली आणि शीट उलटली. स्वतःचे सर्व्हर २१ लाख ९ हजार, क्लाउड १९ लाख ४७ हजार. गंमत अशी की फरक पुन्हा एक लाख ६२ हजारांचाच, फक्त आता पलीकडच्या बाजूने.

याच सुमारास मी भागीदाराला ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीचं उदाहरण ऐकवलं. त्यांनी २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले, मग स्वतःची यंत्रं घेऊन क्लाउड सोडला आणि मोठी बचत झाल्याचं जाहीरपणे लिहिलं. भागीदाराने तेच लेखन शांतपणे वाचलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं: यंत्रं सांभाळणारी त्यांची टीम आधी होती तेवढीच राहिली. म्हणजे त्यांच्या शीटमध्ये माणसाची ओळ दोन्हीकडे सारखीच, ती कटून जाते. आमच्याकडे ती एकच ओळ निकाल फिरवत होती. शिवाय आमचं आख्खं वर्षाचं बिल त्यांच्या एका दिवसाच्या बिलाएवढंसुद्धा नाही, हेही त्याने सांगितलं. त्याची गरज नव्हती.

५. आपल्या मनासारखं उत्तर आलं की माणूस चूक शोधायची थांबवतो. शीट उलटल्यावर मी ती नव्याने, ‘नीट’ मांडायचं ठरवलं. आतापर्यंत गुणक हाताने लावत होतो, आता एक्सेलचं तयार सूत्र वापरलं. दर `B1` मध्ये, आजचा खर्च `C` रकान्यात, पुढची पाच वर्षं `D` ते `H`. पाचव्या ओळीत सर्व्हर, सहाव्या ओळीत क्लाउड.

```
=NPV(B1,C5:H5)
=NPV(B1,C6:H6)
```

उत्तर आलं: सर्व्हर १८ लाख ८३ हजार, क्लाउड १९ लाख ४७ हजार. घर परत मिळालं! मी भागीदाराला संध्याकाळी भेळ खायला घेऊन गेलो. रात्री मात्र झोप लागेना. माणसाची ओळ आहे, कर आहे, वटाव आहे, मग सव्वादोन लाख गेले कुठे? सकाळी सापडले. `NPV` हे सूत्र दिलेला पहिला आकडा आजचा धरत नाही, वर्षाअखेरचा धरतो. म्हणून आज रोख द्यायच्या दहा लाखांवरही त्याने वर्षाचा वटाव कापला आणि मागचं सगळं एकेक वर्ष पुढे सरकवलं. दोन्ही ओळींत हे सारखंच झालं असतं तर निदान क्रम बदलला नसता. पण क्लाउडला आज काहीच द्यायचं नव्हतं, म्हणून `C6` मी शून्य न लिहिता रिकामा सोडला होता. रिकामा कप्पा हे सूत्र मोजतच नाही, पुढच्या आकड्यापासून सुरुवात करतं. थोडक्यात, एका पारड्याखाली माझा अंगठा होता आणि तो मला दिसत नव्हता. बरोबर सूत्र असं:

```
=C5+NPV(B1,D5:H5)
```

भेळेचे पैसे मी भागीदाराला मागितले नाहीत.

६. दरावरून आम्ही सगळ्यात जास्त भांडलो, आणि ते भांडण सगळ्यात स्वस्तातलं होतं. सीए मॅडम म्हणाल्या, बँक तुम्हाला १२ टक्क्यांनी देते, त्या व्याजावर करही वाचतो, म्हणून खरा दर ९. भागीदार म्हणाला, हेच दहा लाख धंद्यात फिरवले तर १५ टक्के सहज सुटतात, म्हणून १५. मी दोघांच्या मध्ये बसतो म्हणून १२. तत्त्वाचा प्रश्न असल्यासारखे दोन शनिवार त्यात गेले. तिसऱ्या शनिवारी कोणाला तरी सुचलं की तिन्ही घालून बघू. ९ ला क्लाउड एक लाख दोन हजारांनी स्वस्त, १२ ला एक लाख ६२ हजारांनी, १५ ला दोन लाख १५ हजारांनी. दर चढेल तसा भाड्याचा पक्ष मजबूत होतो, हे खरंच. पण नवापासून पंधरापर्यंतच्या अख्ख्या भांडणाने उत्तर सव्वा लाखही हललं नाही आणि बाजूही बदलली नाही. त्या मुलाच्या एका ओळीने ते सव्वातीन लाखांनी हललं होतं. त्या ओळीवर आमची चर्चा जेमतेम वीस मिनिटं झाली होती. दराची जागा शीटमध्ये सगळ्यात वर, ठळक, पिवळ्या रंगात असते, म्हणून असेल कदाचित. (एक बारीक दुरुस्तीही तेव्हाच सुचली. बिलं दर महिन्याला भरायची आणि वटाव वर्षाअखेरचा कापायचा, हे क्लाउडला थोडं झुकतं माप होतं. ते वर्षाच्या मध्यावर धरून पाहिल्यावर फरक चाळीस-पंचेचाळीस हजारांनी कमी झाला, बाजू बदलली नाही, म्हणून पुढचे आकडे वर्षाअखेरच्या वटावानेच ठेवले.)

७. पूर शीटमध्ये बसवताना हात थांबतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या इमारतीच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर होतं. सर्व्हर पहिल्या मजल्यावर, त्याला काही झालं नाही. झालं एवढंच की आठ दिवस वीज नव्हती. तासगाव-विट्याचे व्यापारी कोरड्या पेढीवर बसून आम्हाला फोन करत होते. त्यांचं गाव चालू, बाजार चालू, हिशेब मात्र सांगलीत अंधारात. त्या आठ दिवसांत आणि नंतर सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांत मिळून दोन लाखांचं नुकसान धरलं. २००५, २०१९, २०२१: वीस वर्षांत तीन मोठे पूर, म्हणजे वर्षाला १५ टक्के शक्यता, म्हणजे वर्षाला तीस हजार. कर आणि वटाव कापून आजचे ८१ हजार. गणित बरोबर आहे, मी दोनदा तपासलं. तरी त्या कप्प्यात ८१ हजार लिहिताना, गुडघाभर पाण्यातून बॅकअपची डिस्क डोक्यावर धरून निघालेला तो मुलगा आठवत होता. तो त्या कप्प्यात मावत नाही. आकडा ठेवला, पण मूळ हिशेबाच्या बाहेर, वेगळ्या ओळीत.

८. अंदाजपत्रक आणि बिल हे एकमेकांचे सावत्र भाऊ. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही क्लाउडवर गेलो. पन्नास हजारांच्या जागी पहिलं बिल आलं ७१ हजारांचं. आमच्या अंदाजात चाचणीची यंत्रं रोज दहा तास, आठवड्याचे पाच दिवस चालणार होती. आठवड्याचे तास १६८, त्यातले पन्नास. प्रत्यक्षात ती बंद करायचं काम कोणालाच नेमून दिलेलं नव्हतं, म्हणून संक्रांतीलाही चालू होती. जी बंद केली, त्यांच्या डिस्कचं भाडं तरीही सुरूच होतं, कारण यंत्र बंद केलं की यंत्राचं भाडं थांबतं, सामानाच्या खोलीचं नाही. स्थलांतराच्या वेळी घेतलेल्या जुन्या प्रतींचे ढीग तसेच पडून होते. आणि डेटा आत यायला फुकट, बाहेर जायला पैसे: व्यापारी रोज सगळ्या पट्ट्यांच्या पीडीएफ उतरवून घेतात, याचा विचारच केला नव्हता. घरचा पंखा चालू राहिला तर मी पोरांवर ओरडतो!

तेव्हा शीट उलटी चालवली. क्लाउडचं बिल किती झालं की दोन्ही बाजू सारख्या होतात? उत्तर आलं महिना ५५ हजार. पुराची ओळ धरली तर साडेसत्तावन्न. सगळ्या प्रकरणात मला उपयोगी पडलेला आकडा हाच. पाच वर्षांचे लाख लक्षात राहत नाहीत, ५५ हजार मात्र दर महिन्याच्या बिलाशेजारी ठेवून बघता येतो. तीन महिन्यांत यंत्रं आपोआप बंद करायचं वेळापत्रक लागलं, जुन्या प्रती गेल्या, कायम चालणाऱ्या यंत्रांसाठी एक वर्षाचा शब्द देऊन सवलत घेतली, आणि नवीन गिऱ्हाइकांची भर धरूनही बिल ५२ हजारांवर स्थिरावलं.

९. वाचलेला वेळ बँकेत जमा होत नाही. मार्चअखेरीला सीए मॅडमनी विचारलं, त्या मुलाचा पाव वेळ वाचला म्हणता, मग पगार खर्च कमी का दिसत नाही? दिसणार कसा? पगार तोच. ज्या ओळीने सगळा निकाल फिरवला ती ओळ रोखीची नव्हतीच. त्याचा मोकळा झालेला वेळ नुसता मोकळाच राहिला, तर दोन्हीकडे त्याचा खर्च सारखा धरायला हवा. मग बरोबरीचा आकडा ५५ हजार राहत नाही, ४५ वर येतो. आमचं बिल ५२. म्हणजे आमचा निर्णय बरोबर की चूक, हे दर, घसारा यांपैकी कशावरही नाही, तो मुलगा दुपारी दोननंतर काय करतो यावर ठरणार होतं.

म्हणून त्याला गिऱ्हाइकांकडे पाठवायला सुरुवात केली. पहिले दोन महिने तो पेढीवर गादीच्या कडेला अवघडून बसायचा आणि परत येऊन ‘यंत्रं बरी होती’ म्हणायचा. मग बेदाण्याच्या सौद्यात बोली लागताच पट्टी तयार व्हावी, अशी एक सोय त्याने स्वतःच सुचवली, लिहिली, आणि तीन पेढ्यांनी ती पैसे देऊन घेतली. किती आले ते मी शीटमध्ये अजून घातलेलं नाही.

परवा ती शीट माझ्या स्क्रीनवर उघडीच होती. तो मागे येऊन उभा राहिला, त्याने खाली सरकवत आपली ओळ शोधली आणि म्हणाला, ‘दादा, यात माझा पगार पाचही वर्षं चाळीसच धरलाय?’

मी म्हटलं, बस, चहा सांगतो.